पैसे कापले गेले, पण ऑर्डर झालीच नाही: कुणाला लिहायचं आणि काय लिहायचं

२०२५ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी, रात्री पावणेदहाच्या सुमारास मावशीचा फोन आला. "अगं, अठराशे एकोणपन्नास रुपये गेले आणि ऑर्डर काही झालीच नाही. पुन्हा भरू का?" तिने तांब्यापितळेच्या भांड्यांच्या एका छोट्या दुकानाच्या वेबसाइटवर चकल्यांसाठी पितळी सोऱ्या आणि एक छोटी समई निवडली होती. यूपीआयने पैसे भरले, पिन टाकला, चक्र फिरत राहिलं आणि शेवटी दुकानाच्या पानावर ‘Session expired’ एवढंच उमटलं. तेवढ्यात बँकेचा मेसेज येऊन थडकला.

"पुन्हा अजिबात भरू नकोस," हे माझं पहिलं वाक्य होतं. तुमच्यावर ही वेळ आली तर सुरुवात इथूनच करा. लटकलेला व्यवहार तासाभराने पूर्ण होऊ शकतो आणि मग दोनदा भरलेल्या पैशांसाठी दोन वेगळ्या तक्रारी कराव्या लागतात. वस्तू खरोखर तातडीने हवी असेल तर ती घरपोच आल्यावर पैसे द्यायच्या बोलीवर मागवा.

मी चार वर्षं एका ऑनलाइन दुकानाच्या तक्रार विभागात काम केलं आहे. रोज अशी पत्रं वाचायची, हेच काम. म्हणून हा लेख मी पत्र लिहिणाऱ्याच्या बाजूने जेवढा लिहिते आहे, तेवढाच वाचणाऱ्याच्या बाजूनेही. तुमचं पत्र उघडणाऱ्या माणसासमोर एक शोधपट्टी असते. त्या पट्टीत टाकता येईल असं काही पत्रात असलं तर काम पाच मिनिटांत पुढे सरकतं. नसलं, तर तो कितीही भला असला तरी "आपल्या नावाची ऑर्डर दिसत नाही" यापलीकडे त्याला काही लिहिता येत नाही.

आधी पैसे कुठे थांबलेत ते बघा

आपल्याला वाटतं, पैसे खात्यातून निघाले की थेट दुकानात जातात. तसं नसतं. तुमचं पेमेंट ॲप तुमच्या बँकेला सांगतं, बँक रक्कम वजा करते, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून ती दुकानाच्या बाजूच्या बँकेकडे जाते. तिथे बहुतेक दुकानांच्या वतीने एक पेमेंट गेटवे कंपनी पैसे स्वीकारते. तिच्याकडे पैसे आले की ती दुकानाच्या संगणकाला निरोप धाडते, ‘या ग्राहकाचे पैसे मिळाले’. तो निरोप पोचला की मगच ऑर्डर तयार होते.

म्हणजे साखळी दोन वेगळ्या ठिकाणी तुटू शकते. एक तर पैसेच मध्ये अडकतात, गेटवेपर्यंत पोचत नाहीत. किंवा पैसे व्यवस्थित पोचतात, पण शेवटचा निरोप हरवतो किंवा उशिरा पोचतो. तोवर दुकानाच्या पानाची मुदत संपलेली असते आणि पैसे गेटवेकडे बेवारस पडून राहतात. ग्राहकाला दोन्ही वेळी एकच दिसतं: पैसे गेले, ऑर्डर नाही. पण पहिल्या वेळी बँकेला लिहायचं असतं आणि दुसऱ्या वेळी दुकानाला. चुकीच्या दारात उभं राहिलं की "तुम्ही तिकडे विचारा" असं ऐकत आठवडा निघून जातो.

हे ओळखायचं कसं? बँकेच्या मेसेजवरून नाही, कारण त्यात फक्त वजा झाल्याचं असतं. पेमेंट ॲप उघडा, व्यवहारांच्या यादीत जा, तो व्यवहार दाबा आणि त्याची स्थिती वाचा.

‘Failed’ दिसत असेल आणि तरीही रक्कम वजा झाली असेल, तर पैसे दुकानाकडे गेलेले नाहीत. ते बँकेने परत करायचे आहेत. ‘Pending’ किंवा ‘Processing’ असेल तर निकाल लागायचा आहे. काही तास थांबा आणि पुन्हा बघा, तो दोन्हीकडे झुकू शकतो. ‘Success’ किंवा ‘Paid’ असं हिरव्या खुणेसह दिसत असेल, तर तुमच्या बँकेच्या दृष्टीने व्यवहार संपला. पैसे दुकानाच्या बाजूला आहेत आणि दुकानालाच लिहायला हवं.

मावशीच्या ॲपवर आधी ‘Processing’ होतं. अकराच्या आसपास ते ‘Success’ झालं. "मग आता ऑर्डर झाली का?" तिने विचारलं. नाही. पैसे पोचले होते, पण तोवर दुकानाचं पान केव्हाच मिटलं होतं.

एक गोष्ट इथे बऱ्याच जणांना घाबरवते. यादीत पैसे घेणाऱ्याचं नाव दुकानाचं नसून भलतंच असतं. मावशीलाही वाटलं, पैसे कुणा तिऱ्हाइताला गेले. ते नाव कधी गेटवे कंपनीचं असतं, कधी दुकान चालवणाऱ्या संस्थेचं कागदोपत्री नाव असतं. त्यात सहसा काळजीचं काही नसतं, मात्र ते नाव आणि त्याखालचा यूपीआय आयडी जसाच्या तसा टिपून ठेवा, पत्रात तो लागतो.

लिहायला बसण्याआधी काय गोळा करायचं

सगळ्यात मोलाचा आहे यूटीआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक. व्यवहाराच्या तपशिलात तो ‘UTR’, ‘UPI Ref. No.’ किंवा ‘UPI transaction ID’ अशा नावांनी दिसतो. यूपीआयसाठी तो बारा आकडी असतो. बँकेच्या मेसेजमध्ये आणि खातेउताऱ्यातही बहुधा हाच क्रमांक छापलेला असतो, तर दोन्हीकडचा जुळवून बघा. काही ॲप स्वतःचा एक वेगळा, अक्षरं मिसळलेला क्रमांकही दाखवतात. तो फक्त त्या ॲपलाच कळतो. दुकानदाराला तो पाठवून उपयोग नाही. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत ही चूक नेहमीची होती: क्रमांक दिलेला असायचा, पण भलताच.

यूटीआरखेरीज लागतात व्यवहाराची तारीख आणि वेळ, पैशांपर्यंतची नेमकी रक्कम, आणि ऑर्डर करताना दुकानाच्या पानावर टाकलेला मोबाइल नंबर व ईमेल. हा शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. मुलाच्या फोनवरून ऑर्डर केलेली असते, पान मुलाच्या ईमेलने उघडलेलं असतं आणि तक्रार आई स्वतःच्या ईमेलवरून करते. दुकानाच्या यादीत आईचं नाव कुठेच नसतं.

व्यवहाराच्या तपशिलाचा एक स्क्रीनशॉट घ्या. त्यात स्थिती, रक्कम, तारीख आणि यूटीआर एकत्र दिसले पाहिजेत. बँकेच्या मेसेजचाही घ्या, पण खात्यातली शिल्लक झाका. यूपीआय पिन, ओटीपी, कार्डाचा पूर्ण नंबर किंवा सीव्हीव्ही यांतलं काहीही कुणालाही लिहायचं नसतं. पैसे शोधायला त्यांतल्या एकाचीही गरज पडत नाही.

दुकानाला लिहायचं पत्र

मावशीने मी सांगण्याआधीच एक ईमेल धाडला होता. तो असा:

> नमस्कार, माझे पैसे कट झाले पण ऑर्डर आली नाही. मी खूप वेळ वाट बघितली. दिवाळी तोंडावर आहे. कृपया लवकरात लवकर मदत करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं की या ईमेलवर कुठलीही ऑर्डर दिसत नाही, आपल्या बँकेशी संपर्क साधावा. तिने बँकेला फोन केला. बँकेने सांगितलं, व्यवहार यशस्वी आहे, दुकानदाराशी बोला. दोघंही खोटं बोलत नव्हते. दुकानाच्या माणसाने ऑर्डरच्या यादीत शोधलं आणि ऑर्डर तर झालीच नव्हती. त्याने शोधायला हवं होतं ते गेटवेच्या पैशांच्या यादीत. पण तिथे शोधायला यूटीआर लागतो आणि तो पत्रात नव्हता.

म्हणून आम्ही दुसरं पत्र लिहिलं. आकडे मुद्दाम इंग्रजी लिपीत ठेवले, कारण समोरचा माणूस ते उचलून शोधपट्टीत चिकटवतो आणि देवनागरी आकड्यांनी तिथे काहीच सापडत नाही. पत्र मराठीत चालेल का हे दुकानावर ठरतं. महाराष्ट्रातल्या दुकानाला बेलाशक मराठीत लिहा. बाहेरच्या कंपनीला हेच मुद्दे याच क्रमाने हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा.

> विषय: पैसे मिळाले, ऑर्डर तयार झाली नाही. UTR 528709846213, रु. 1849, 14-10-2025
>
> नमस्कार,
>
> 14-10-2025 रोजी रात्री 9:42 वाजता आपल्या वेबसाइटवर पितळी सोऱ्या (1) आणि समई (1) यांसाठी मी UPI ने रु. 1849 भरले. पैसे भरल्यावर आपल्या पानावर "Session expired" असं आलं. ऑर्डर क्रमांक मिळालेला नाही.
>
> माझ्या ॲपमध्ये आणि बँकेत हा व्यवहार Success दिसतो आहे. UTR: 528709846213. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि UPI आयडी सोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये आहे.
>
> ऑर्डर तयार झालेली नसल्यामुळे ती ऑर्डरच्या यादीत सापडणार नाही. कृपया हा UTR आपल्या पेमेंट गेटवेच्या खात्यात शोधावा.
>
> वस्तू 19 ऑक्टोबरपर्यंत पोचणार असतील तर भरलेल्या रकमेतच ऑर्डर पक्की करून ऑर्डर क्रमांक कळवावा. तसं शक्य नसेल तर पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करून परताव्याचा संदर्भ क्रमांक द्यावा.
>
> ऑर्डर करताना दिलेला मोबाइल आणि ईमेल: …
>
> या तक्रारीचा क्रमांक कळवावा, ही विनंती.

यातल्या तिसऱ्या परिच्छेदाने काम केलं. ‘ऑर्डरच्या यादीत नाही, गेटवेच्या खात्यात शोधा’ हे एक वाक्य वाचणाऱ्याला योग्य पडद्यावर नेऊन बसवतं. छोट्या दुकानांत तक्रारी बघणारा माणूस बहुतेकदा पॅकिंगही करत असतो. गेटवेच्या खात्यात शिरायचा पासवर्ड मालकाकडे असतो. ते वाक्य नसेल तर मालकाला विचारायला हवं हे त्याच्या डोक्यातही येत नाही.

मागणी नेमकी ठेवा. "योग्य ती कारवाई करावी" असं लिहिलं की समोरचा स्वतःला सोयीची कारवाई करतो. मावशीला वस्तू दिवाळीच्या आधी मिळाली तरच हवी होती, म्हणून तारीख घातली. तुम्हाला वस्तू आता नकोच असेल तर फक्त परतावा मागा आणि "ऑर्डर पक्की करू नये" असं स्पष्ट लिहा. नाहीतर आठ दिवसांनी, तुम्ही दुसरीकडून घेतल्यावर, पार्सल दारात येतं.

पत्र कुठे पाठवायचं? दुकानाच्या वेबसाइटच्या अगदी तळाशी संपर्काचा ईमेल असतो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार अशा प्रत्येक दुकानाने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क वेबसाइटवर द्यायचा असतो. त्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा असतो. पहिलं पत्र साध्या ग्राहकसेवेला पाठवा. ४८ तास काहीच आलं नाही तर तेच पत्र, वर या नियमाची एक ओळ घालून, तक्रार अधिकाऱ्याला पाठवा.

मोठ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये वेगळीच अडचण येते. मदतीच्या पानावर आधी ऑर्डर निवडायला सांगतात आणि तुमची ऑर्डरच नसते. अशा वेळी पेमेंटविषयीचा किंवा ‘इतर’ असा पर्याय शोधा, किंवा जुनी कुठलीही ऑर्डर निवडून माणसाशी बोलणं सुरू करा आणि पहिल्याच ओळीत लिहा: "ही तक्रार या ऑर्डरची नाही, न झालेल्या ऑर्डरची आहे," पुढे लगेच यूटीआर. चॅट संपायच्या आत तक्रार क्रमांक घ्या आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

पैसे मध्येच अडकले असतील तर

आता दुसरी परिस्थिती. ॲपमध्ये ‘Failed’ आहे किंवा ‘Pending’ हलायलाच तयार नाही, आणि खात्यातून रक्कम गेली आहे. इथे दुकानाला पत्र लिहून हाती काही लागणार नाही, कारण त्याच्याकडे पैसे आलेलेच नाहीत.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी मुदती ठरवून दिल्या आणि त्या त्याच वर्षीच्या १५ ऑक्टोबरपासून लागू आहेत. दुकानाला यूपीआयने पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली, पण दुकानाकडे व्यवहाराची पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत यायला हवी. ऑनलाइन खरेदीत कार्डाने पैसे भरले असतील तरी हीच मुदत आहे. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, आणि ती ग्राहकाने न मागताही. एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवलेल्या पैशांसाठी मुदत एकच दिवसाची आहे, पण तो आपला विषय नाही.

उदाहरण म्हणून धरू, मावशीचा व्यवहार ‘Failed’ झाला असता. १४ तारखेचा व्यवहार, म्हणजे १९ पर्यंत पैसे परत यायला हवेत. ते २४ ला आले तर २० ते २४ असे पाच दिवस उशीर झाला, भरपाई पाचशे रुपये. पाच दिवस म्हणजे कामाचे दिवस नव्हेत, सुट्ट्या धरून मोजलेले साधे दिवस. फोनवरचा माणूस "सात कामकाजाचे दिवस लागतील" असं सवयीने म्हणतो. ती मुदत दुकानाकडून येणाऱ्या परताव्यात ऐकायला मिळते, इथे ती लागू नाही.

तक्रार मात्र पाच दिवस थांबून करायची नाही. पहिल्याच दिवशी ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन मदतीचं किंवा तक्रार नोंदवायचं बटण दाबा. तिथून गेलेली तक्रार यूपीआयच्या यंत्रणेत थेट त्या व्यवहाराला जोडली जाते, हा ईमेलपेक्षा मोठा फायदा. लिहायला जागा थोडी असते, म्हणून एवढंच पुरे:

> रु. 1849 खात्यातून गेले (14-10-2025, 9:42 PM). व्यवहार Failed. दुकानाकडून ऑर्डर नाही. रक्कम परत आलेली नाही. UTR 528709846213.

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सांगितलेला क्रम असा आहे: आधी ॲप, मग त्या ॲपमागची बँक, मग तुमचं खातं असलेली बँक आणि मग कॉर्पोरेशन स्वतः, ज्याच्या npci.org.in या वेबसाइटवर तक्रारीचा अर्ज आहे. माझा अनुभव असा की ॲपमध्ये तक्रार टाकल्यावर स्वतःच्या बँकेलाही त्याच दिवशी कळवून ठेवावं. पैसे तुमच्या बँकेतून गेलेत आणि पुढे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची पाळी आली तर बँकेकडे कधी तक्रार केली ती तारीखच धरली जाते.

पाचवा दिवस उलटला की बँकेला असं लिहा:

> विषय: फसलेला UPI व्यवहार, UTR 528709846213, रु. 1849: परतावा आणि भरपाई
>
> माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार आकडे …) 14-10-2025 रोजी रु. 1849 वजा झाले. व्यवहार Failed आहे. दुकानाला पुष्टी मिळाली नाही. ॲपमधील तक्रार क्रमांक … , तारीख 14-10-2025.
>
> रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार ही रक्कम 19-10-2025 पर्यंत परत यायला हवी होती. ती अजून जमा झालेली नाही. मूळ रक्कम आणि 20-10-2025 पासून रोज रु. 100 प्रमाणे भरपाई खात्यात जमा करावी.
>
> दुकानाचं लेखी उत्तर सोबत जोडलं आहे.

ते शेवटचं वाक्य मिळवायला थोडी खटपट करा. दुकानाकडून "या यूटीआरचे पैसे आम्हाला मिळालेले नाहीत" अशी एक ओळ ईमेलवर मागून घ्या. आम्ही ती विचारणाऱ्या प्रत्येकाला देत होतो, कारण त्यात दुकानाचं काही जात नाही. बँकेच्या टेबलावर मात्र तिचं वजन पडतं.

हे पत्र पाठवण्याआधी खातेउतारा नीट बघा. मेसेजवर विसंबू नका. परत आलेली रक्कम बऱ्याचदा गुपचूप जमा होते, ॲपमध्ये जुनीच स्थिती दिसत राहते आणि माणूस आधीच मिळालेल्या पैशांसाठी भांडत बसतो. उताऱ्यात तीच रक्कम जमेच्या बाजूला शोधा, शेजारी बहुधा तोच यूटीआर असतो.

दुकान म्हणतं, परत केले. खात्यात मात्र नाहीत

इथे बरेच जण हताश होऊन सोडून देतात, पण यावर एकाच प्रश्नाचं औषध आहे: "परताव्याचा संदर्भ क्रमांक काय?" परतावा हा नवा व्यवहार असतो आणि त्याचा स्वतःचा क्रमांक असतो. यूपीआयच्या परताव्याला नवा यूटीआर मिळतो, कार्डाच्या परताव्याला एआरएन नावाचा लांबलचक क्रमांक. तो हातात आला की बँकेला फक्त तो द्या, बँक जमा कुठे आहे ते शोधू शकते. दुकानाला क्रमांक देता येत नसेल तर बहुतेकदा परतावा सुरूच झालेला नसतो. नोंद केली गेली, पैसे निघाले नाहीत.

गेटवेतून जाणारा परतावा ज्या खात्यातून पैसे आले तिथेच जातो. त्यासाठी तुमच्याकडून काहीच लागत नाही. कुणी परताव्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला, पिन टाकायला किंवा फोनचा पडदा दाखवणारं ॲप उतरवायला सांगितलं तर तो दुकानाचा माणूस नाही. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही.

हे मी कळकळीने सांगते आहे, कारण पैसे अडकलेला माणूस घाईत असतो आणि ठगांना तोच हवा असतो. इंटरनेटवर ग्राहकसेवेचा नंबर शोधला की खोटे नंबर वर येतात. सोशल मीडियावर कंपनीला उद्देशून तक्रार लिहिली की काही मिनिटांत कंपनीच्या नावाचं बनावट खातं "आपला मोबाइल द्या" म्हणतं. नंबर आणि ईमेल नेहमी ॲपच्या आतून किंवा दुकानाच्या वेबसाइटच्या तळातून घ्या, आणि यूटीआर उघड्यावर लिहू नका. चुकून पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर नोंद करा. ती तक्रार वेगळी, ऑर्डरची वेगळी. दोन्ही एकात मिसळू नका.

कुणीच दाद देत नसेल तर

दुकान ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, किंवा consumerhelpline.gov.in. बँक किंवा वॉलेट कंपनी ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. मात्र लोकपाल दुकानाविरुद्धची तक्रार घेत नाही, म्हणून पैसे कुणाकडे अडकलेत हे सुरुवातीला ओळखणं इथेही कामी येतं. बँकेला लेखी तक्रार केल्यावर ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, की cms.rbi.org.in वर अर्ज करता येतो. शुल्क नाही, वकील लागत नाही. अर्जात बँकेकडच्या तक्रारीची तारीख आणि प्रत मागतात, त्यामुळे फक्त फोनवर भांडलेल्यांची इथे अडचण होते. अर्ज कसा भरायचा हे विचारायला १४४४८ हा नंबर आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं. आधी लोकपालाकडे जाऊन मग बँकेला लिहिलं तर अर्ज परत येतो, आणि फार महिने दवडले तरीही.

मावशीच्या दुसऱ्या पत्राला बुधवारी दुपारी उत्तर आलं. पैसे गेटवेच्या खात्यात सापडले होते, ऑर्डर तयार झालेली नव्हती. सोऱ्या संपला होता, नवा माल दिवाळीनंतर येणार होता, म्हणून त्यांनी परतावा सुरू केला आणि क्रमांकही दिला. शनिवारी, धनत्रयोदशीला, १,८४९ रुपये खात्यात जमा झाले. चकल्या तिने शेजारच्या काकूंच्या सोऱ्याने पाडल्या, आणि तो ईमेल ‘पैसे अडकले तर’ अशा नावाने स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवला आहे, फक्त यूटीआरची जागा रिकामी करून.